वर्तुळाचा सेकंड मोमेंट πR⁴/4 कसा येतो, आणि R/2 हे अंतर नेमकं कशाचं

प्रश्न: वर्तुळाचा व्यासाभोवतीचा सेकंड मोमेंट मी उभ्या पट्ट्या घेऊन इंटिग्रेशनने काढला तर 3πR⁴/4 येतो. पुस्तकात πR⁴/4 आहे. इंटिग्रेशन तीनदा तपासलं, चूक सापडत नाही. शिवाय रेडियस ऑफ जायरेशन R/2 येते म्हणजे काय? ते सरासरी अंतर आहे का? आणि त्याचा उपयोग कुठे होतो?

उत्तर:

तुमचं इंटिग्रेशन बरोबरच असणार, म्हणून तर त्यात चूक सापडत नाही. चूक त्याच्या आधी, पट्टी मांडताना झाली आहे. उत्तर बरोबर तिप्पट आलंय, यावरूनच ती नेमकी कुठे आहे ते सांगता येतं.

आडवा व्यास हा आपला x-अक्ष. व्याख्या अशी:

I = ∫ y² dA

यात y म्हणजे dA या तुकड्याचं अक्षापासूनचं अंतर. तुकडा कसा घ्यायचा याला एकच अट आहे: त्याच्यातल्या प्रत्येक बिंदूचं अक्षापासूनचं अंतर सारखं असलं पाहिजे. ही अट पाळली तर तुकडा एका दिशेला कितीही लांब असला तरी चालतो, कारण सगळ्या तुकड्यासाठी y ची एकच किंमत लिहिता येते. अट मोडली तर y² dA या लिहिण्याला अर्थच उरत नाही.

तुम्ही x या ठिकाणी उभी पट्टी घेतली. तिची उंची 2y, रुंदी dx, म्हणून क्षेत्रफळ 2y dx. इथपर्यंत ठीक. पुढे त्याला y² ने गुणलंत, आणि तो y होता पट्टीच्या टोकाचा, म्हणजे परिघावरच्या बिंदूचा. पण ही पट्टी अक्षाला छेदून वरपासून खालपर्यंत जाते. तिचा मधला भाग अक्षावरच आहे, तिथे अंतर शून्य. टोकाशी तेवढं ते √(R² − x²) होतं. तुम्ही सबंध पट्टीला टोकाचं अंतर देऊन टाकलंत, त्यामुळे प्रत्येक पट्टीचा वाटा 2y³ dx झाला.

या पट्टीचा खरा वाटा किती? ती एक बारीक आयत आहे आणि अक्ष तिच्या मधोमध जातो. आयताचं सूत्र bh³/12 तुम्हाला माहीत आहे. इथे b = dx आणि h = 2y, म्हणून:

dI = dx·(2y)³/12 = (2/3) y³ dx

तुमचा 2y³ dx आणि खरा (2/3)y³ dx. प्रत्येक पट्टी तिप्पट, म्हणून बेरीजही तिप्पट. हा बदल करून तेच इंटिग्रेशन पुन्हा केलंत तर ∫(R² − x²)^(3/2) dx ची −R ते R मधली किंमत 3πR⁴/8 येते, तिला 2/3 ने गुणलं की πR⁴/4. म्हणजे उभ्या पट्ट्याही चालतात, फक्त त्यांना y² लावायचा नाही, आयताचा तयार मोमेंट लावायचा.

आता सरळ वाट. व्यासाला समांतर, आडव्या पट्ट्या घ्या. अक्षापासून y अंतरावर dy जाडीची पट्टी. तिच्यातला प्रत्येक बिंदू अक्षापासून y इतकाच दूर, अट आपोआप पाळली गेली. वर्तुळाचं समीकरण x² + y² = R², म्हणून पट्टीची लांबी 2√(R² − y²). मग:

I = ∫ y² · 2√(R² − y²) dy, y = −R ते R

इथे बरेच विद्यार्थी u = R² − y² धरतात आणि अडकतात. का अडकतात ते एकदा बघून ठेवा. du = −2y dy, म्हणजे या सब्स्टिट्यूशनला बाहेर एक y लागतो. आपल्याकडे y² आहे, त्यातला एक y du मध्ये गेला तरी दुसरा उरतो, आणि तो √(R² − u) होऊन पुन्हा वर्गमूळ घेऊन येतो. अर्धवर्तुळाचा गुरुत्वमध्य काढताना बाहेर एकच y असतो, तिथे हीच युक्ती सहज चालते. त्या सवयीने इथेही हात तिकडे वळतो.

इथे लागतं y = R sinθ. मग √(R² − y²) = R cosθ आणि dy = R cosθ dθ. लिमिट्सही बदलतात: y = −R ला θ = −π/2, y = R ला θ = π/2. लिमिट्स R मध्ये तशाच ठेवल्या तर उत्तरात sin(4R) सारखं काहीतरी दिसू लागतं. लांबीचा साइन घेता येत नाही, म्हणून असं दिसलं की तिथेच थांबून लिमिट्स बघाव्यात.

I = 2R⁴ ∫ sin²θ cos²θ dθ

sinθ cosθ = (1/2) sin2θ, म्हणून sin²θ cos²θ = (1/4) sin²2θ = (1/8)(1 − cos4θ). हे आत ठेवलं की:

I = (R⁴/4) ∫ (1 − cos4θ) dθ, θ = −π/2 ते π/2

cos4θ चं इंटिग्रेशन sin4θ/4, आणि दोन्ही लिमिट्सना sin(±2π) शून्य. उरला फक्त 1, त्याचं इंटिग्रेशन π. म्हणून:

I = πR⁴/4 = πd⁴/64

दोन्ही रूपं लक्षात असू द्या, पण मिसळू नका. πR⁴/4 मध्ये चुकून व्यास घातला तर उत्तर सोळापट येतं, आणि कागदावर ते संशयास्पद दिसत नाही. ड्रॉइंगवर नेहमी व्यास दिलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्ष कामात मी πd⁴/64 च वापरतो.

तुमचं उत्तर चुकलंय हे पुस्तक न उघडताही कळू शकलं असतं, ते असं. या वर्तुळाभोवती 2R बाजूचा चौरस काढा. त्याचा सेकंड मोमेंट (2R)⁴/12 = 1.333R⁴. वर्तुळ पूर्णपणे त्या चौरसाच्या आत आहे आणि y² कधी ऋण होत नाही, म्हणून वर्तुळाचा मोमेंट यापेक्षा कमीच असायला हवा. तुमचा 3πR⁴/4 म्हणजे 2.356R⁴, चौरसापेक्षाही मोठा. तिथेच तो बाद. खालची मर्यादाही अशीच मिळते: वर्तुळात बसणाऱ्या √2·R बाजूच्या चौरसाचा मोमेंट R⁴/3. खरं उत्तर 0.785R⁴, या दोघांच्या मध्ये बसतं. कुठल्याही वेड्यावाकड्या छेदासाठी असा आतला-बाहेरचा आयत काढून बघण्याला अर्धा मिनिट लागतो, आणि घसरलेलं दशांशचिन्हसुद्धा त्यात सापडतं.

परीक्षेत वेळ कमी असेल तर याहून छोटी वाट आहे, पण तिच्यातही तीच अट नीट पाळावी लागते. r त्रिज्येची, dr जाडीची वर्तुळाकार कडी घ्या. तिचं क्षेत्रफळ 2πr dr. या कडीतले सगळे बिंदू व्यासापासून सारख्या अंतरावर आहेत का? नाहीत. डावी-उजवीकडचे बिंदू व्यासावरच आहेत, वरचे-खालचे r अंतरावर. म्हणून व्यासाभोवतीचा मोमेंट कडीने थेट काढता येत नाही. पण केंद्रापासून मात्र ते सगळे r अंतरावर आहेत, म्हणून केंद्रातून जाणाऱ्या, कागदाला लंब अक्षाभोवतीचा पोलर मोमेंट एका ओळीत येतो:

J = ∫ r² · 2πr dr = πR⁴/2, r = 0 ते R

प्रत्येक बिंदूसाठी r² = x² + y², म्हणून J = Iₓ + Iᵧ. हे लंब अक्षांचं प्रमेय. वर्तुळ सगळ्या बाजूंनी सारखं, आडवा व्यास काय किंवा उभा काय, मोमेंट तोच. म्हणून Iₓ = J/2 = πR⁴/4. माझं मत विचाराल तर आडव्या पट्ट्यांचं इंटिग्रेशन एकदा हाताने पूर्ण करावं आणि नंतर कायम कडीची वाट धरावी. आधी कडी शिकलं तर J/2 मधला अर्धा कुठून आला हे लक्षात राहत नाही, आणि मग लंबवर्तुळालाही J/2 लावला जातो. तिथे दोन अक्षांचे मोमेंट सारखे नसतात.

आता R/2 कडे. व्याख्येप्रमाणे:

k² = I/A = (πR⁴/4)/(πR²) = R²/4, म्हणून k = R/2 = d/4

अर्थ असा की वर्तुळाचं सगळं क्षेत्रफळ अक्षापासून R/2 अंतरावर नेऊन ठेवलं, तर व्यासाभोवतीचा सेकंड मोमेंट तेवढाच राहील. पण हे सरासरी अंतर नाही. सरासरी अंतर काढून बघू. व्यासापासूनच्या अंतरांची बेरीज ∫|y| dA = 4R³/3, तिला πR² ने भागलं की 4R/(3π), म्हणजे 0.424R. अर्धवर्तुळाच्या गुरुत्वमध्याचं अंतर हेच. k मात्र 0.5R आहे. k मध्ये आधी प्रत्येक अंतराचा वर्ग होतो, मग त्या वर्गांची सरासरी, आणि शेवटी वर्गमूळ. वर्ग करताना दूरच्या तुकड्यांचं वजन वाढतं, म्हणून k नेहमी सरासरी अंतराहून मोठी येते. सगळं क्षेत्रफळ खरोखरच एका अंतरावर असेल तरच दोन्ही सारख्या.

हा फरक किरकोळ नाही. कोणी सरासरी अंतर वापरून मोमेंट काढला तर πR² × (0.424R)² = 0.566R⁴ येईल, खऱ्या 0.785R⁴ पेक्षा जवळजवळ २८ टक्क्यांनी कमी. हरवलेले 0.220R⁴ कुठे गेले? प्रत्येक अर्धवर्तुळाचा त्याच्या स्वतःच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवतीचा मोमेंट 0.1098R⁴ असतो. दोन अर्धवर्तुळांचे मिळून 0.220R⁴. समांतर अक्षांच्या प्रमेयात Ah² च्या जोडीला जो I_G असतो तोच हा, आणि विद्यार्थ्यांकडून सर्वात जास्त विसरला जाणाराही हाच.

त्याच प्रमेयामुळे k बद्दल आणखी एक गोष्ट पाळावी लागते: k सरळ बेरजेत किंवा वजाबाकीत वापरायची नाही, जे काही करायचं ते k² वर. वर्तुळाच्या स्पर्शिकेभोवती k काढायची असेल तर R/2 + R = 1.5R असं होत नाही. k² = R²/4 + R², म्हणून k = 1.118R. पाइपच्या बाबतीत हीच चूक फार महागात पडते, आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही पाइपमध्येच आहे.

समजा २ मीटर उंचीचा स्टीलचा खांब हवा आहे, दोन्ही टोकं पिनने जोडलेली, वरून सरळ दाब. पहिला पर्याय ५० मिमी व्यासाचा भरीव बार. दुसरा पर्याय बाहेरून १३० मिमी, आतून १२० मिमी, म्हणजे ५ मिमी जाडीचा पाइप. हे आकडे मुद्दाम निवडलेत: 130² − 120² = 2500 = 50², म्हणून दोघांचं क्षेत्रफळ अगदी सारखं, १९६३.५ चौरस मिमी. लोखंडही तेवढंच लागतं, वजनही तेच.

बारची k = d/4 = 12.5 मिमी. पाइपची k काढताना D/4 − d/4 करू नका. त्याने २.५ मिमी येतं, म्हणजे पाइप बारपेक्षा लुळा ठरतो, आणि ते उघडच खोटं आहे. पाइपची भिंत केंद्रापासून ६० ते ६५ मिमी त्रिज्येवर पसरली आहे, तिची k अडीच मिमी कशी असेल? मोमेंट मात्र वजा करता येतात, कारण ते बेरजेतून आले आहेत:

I = (π/64)(D⁴ − d⁴), A = (π/4)(D² − d²)

भागाकार केला की D² − d² दोन्हीकडून जातो आणि उरतं:

k = √(D² + d²)/4

वजाबाकीच्या प्रश्नाचं उत्तर बेरजेत आलं, याने पहिल्यांदा बघणारा हमखास बिचकतो. पण अर्थ सरळ आहे: आतलं भोक जितकं मोठं, तितकं उरलेलं क्षेत्रफळ दूर सरकलेलं, म्हणून k मोठी. आकडे घातले की k = √31300/4 = 44.2 मिमी. तेवढ्याच लोखंडात k साडेतीन पट झाली आणि I साडेबारा पट.

खांब वाकून निकामी होण्याचा भार ऑयलरच्या सूत्राने π²EI/L². यात I च्या जागी Ak² लिहून क्षेत्रफळाने भागलं की ताण मिळतो:

σ = π²E/(L/k)²

डिझाइनमध्ये k ची खरी गरज या L/k साठी आहे. खांब किती सडपातळ आहे हे या एका आकड्यात कळतं. E = 200000 न्यूटन प्रति चौरस मिमी धरू. बारसाठी L/k = 2000/12.5 = 160, ताण ७७ न्यूटन प्रति चौरस मिमी, एकूण भार सुमारे १५१ किलोन्यूटन. हे स्टील २५० न्यूटन प्रति चौरस मिमीला यील्ड होणारं असेल, तर बार आपल्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचायच्या आत वाकून जातो.

पाइपसाठी L/k = 45. ऑयलरच्या सूत्रात घातलं तर सुमारे १८९५ किलोन्यूटन येतात, आणि इथे थांबायचं. क्षेत्रफळ गुणिले २५० केलं तर ४९१ किलोन्यूटनलाच सगळा पाइप यील्ड होतो. म्हणजे १८९५ हा आकडा गणितात बरोबर असला तरी प्रत्यक्षात कधीच गाठला जाणार नाही. ऑयलरचा ताण आणि यील्डचा ताण समान ठेवून बघितलं तर ही सीमा L/k = π√(E/σ) = 89 च्या आसपास येते. त्याच्या बऱ्याच वर ऑयलर खरा, त्याच्या बऱ्याच खाली यील्ड खरा. मधल्या पट्ट्यात खांबाचा मूळचा बाक आणि रोलिंग-वेल्डिंगमधून राहिलेले ताण दोन्ही आकडे खाली ओढतात, म्हणून तिथे कोडमधले वक्र वापरतात. IS 800:2007 मध्ये k ला r म्हटलंय, आणि कायमचा व वापराचा भार दाबाने घेणाऱ्या घटकासाठी इफेक्टिव्ह लांबी भागिले r जास्तीत जास्त १८० ठेवायला सांगितलंय. आपला १६० चा बार त्यात बसतो, पण बसतो म्हणून तो चांगला पर्याय ठरत नाही. तेवढ्याच लोखंडात पाइप तिपटीच्या आसपास भार घेतो.

मग भोक आणखी मोठं आणि भिंत आणखी पातळ का करू नये? सूत्र तर k वाढतच जाईल असं सांगतं. पण सूत्राने गृहीत धरलंय की छेद शेवटपर्यंत गोल राहतो. भिंत फार पातळ झाली की सबंध खांब वाकण्याआधी भिंतीलाच एका जागी पोचा पडतो किंवा वळी पडते, आणि तिथे I व k चा हिशोब लागू राहत नाही. म्हणून कोडमध्ये व्यास आणि जाडी यांच्या गुणोत्तरालाही मर्यादा असते. आपल्या पाइपचं हे गुणोत्तर २६ आहे, त्यामुळे इथे ती भीती नाही. टेबलमधून पाइप निवडताना k चा रकाना बघितल्यावर जाडीचा रकानाही बघा, आणि गंजासाठी जाडी थोडी जास्त धरायची असेल तर ती शेवटी न वाढवता आधीच धरून k पुन्हा काढा.